मदत हवी आहे : कार्डाच्या व्याजावर व्याज, आणि त्यात जीएसटीवरही?

मुलुंडला राहणाऱ्या माझ्या मामांचं क्रेडिट कार्डाचं 20,000 रुपयांचं बिल सहा महिने थकलंय. नवी खरेदी नाही, भरणाही शून्य. दर महिना 3.5 टक्के. मामांचा हिशोब सरळ: महिन्याला 700, म्हणजे सहा महिन्यांत 24,200.

पण दुसऱ्या महिन्यात टक्के 20,700 वर लागतात, तिसऱ्यात 21,424.50 वर. असं करत 24,585 होतात. फरक 385 चाच, म्हणून तिथे मी वाद घालत नाही.

खरा घोळ पुढे आहे. व्याजावर 18 टक्के जीएसटी. तो शेवटी एकदाच धरला तर साधारण 25,410 येतात. दर महिन्याला बाकीत मिळवून त्यावरही व्याज लावलं तर दर 4.13 टक्के पडतो आणि बाकी 25,497 होते. स्टेटमेंटमध्ये, लेट फी वगळून, हाच दुसरा आकडा आहे.

रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांनुसार न भरलेले चार्जेस आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावता येत नाही. मग हे 87 रुपये परत मागता येतील ना? शिवाय लेट फीवरही असंच व्याज चढलंय का, हे स्टेटमेंटवरून कसं ओळखायचं? बँकेत कुणी काम केलं असेल तर सांगा. मामा 87 रुपयांसाठीही भांडणार, हे नक्की.