वायरलेस हेडफोनच्या माहितीपत्रकातील आकडे

बी-२०४: नमस्कार. मुलीसाठी वायरलेस हेडफोन घ्यायचे आहेत. दोन मॉडेलांच्या माहितीपत्रकांत ड्रायव्हर ४० मिमी आणि इम्पीडन्स ३२ ओहम असे सारखेच आकडे आहेत, मात्र सेन्सिटिव्हिटी पहिल्याची १०० डेसिबल आणि दुसऱ्याची ११५ डेसिबल आहे. दुसऱ्याचा आवाज मोठा असेल, असे समजावे का?

सी-५०१: सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर आवाज किती मोठा निघतो, म्हणून डेसिबलच्या पुढे काय छापले आहे, ते कृपया कळवावे.

बी-२०४: पहिल्यापुढे १ मिलिवॉट आणि दुसऱ्यापुढे १ व्होल्ट असे आहे.

सी-५०१: मग कागदावर तरी दोन्ही सारखेच आहेत. ड्रायव्हर म्हणजे आवाज निर्माण करणारा भाग आणि इम्पीडन्स म्हणजे त्याचा विजेला होणारा अडथळा; ३२ ओहमच्या ड्रायव्हरला १ व्होल्ट दिला, की त्यात सुमारे ३१ मिलिवॉट शक्ती जाते आणि ती १ मिलिवॉटपेक्षा १५ डेसिबलने अधिक असते. म्हणून पहिल्याचे १०० हे दुसऱ्याच्या पद्धतीने मोजले तर ११५ च होतात. शिवाय ब्लूटूथवर ऐकताना हे दोन्ही आकडे जवळजवळ निरुपयोगी ठरतात, कारण ड्रायव्हरला चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर हेडफोनच्या आतच असतो आणि आवाज किती मोठा होऊ द्यायचा हे कंपनीने आधीच ठरवलेले असते.

ए-१०३: मग इम्पीडन्स छापतातच कशाला? माझ्या हेडफोनच्या पत्रकावर तर ‘चालू असताना ४७ ओहम, बंद असताना १६ ओहम’ असे दोन आकडे आहेत.

सी-५०१: काका, ते वायर जोडून ऐकण्यासाठी आहेत. हेडफोन चालू असेल तर वायरमधून आलेला सिग्नल आधी आतल्या सर्किटमध्ये जातो, आणि बंद असेल तर थेट ड्रायव्हरकडे जातो. आवाजाचा समतोल बहुधा त्या सर्किटमध्येच साधलेला असल्यामुळे बॅटरी संपल्यावर तोच हेडफोन दबका किंवा घुमणारा वाटू शकतो. तो बिघाड नव्हे.

बी-२०४: फ्रिक्वेन्सी ४ ते ४०,००० हर्ट्झ लिहिली आहे, तिचे काय?

सी-५०१: किती डेसिबलच्या चढउतारात ही मर्यादा मोजली, हे सांगितले नसेल तर त्या आकड्यावरून काहीच कळत नाही (आणि ते सहसा सांगत नाहीत). ब्लूटूथची ओळ वेगळी असेल तर ती वाचावी. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांनी आवाज पाठवला जात असेल तर २२,०५० हर्ट्झच्या वरचे काहीही पोहोचू शकत नाही, मग ड्रायव्हर कितीही सक्षम असो. ड्रायव्हरच्या आकारावरून तर दर्जा मुळीच ठरवू नये.

बी-२०४: मुलगी ऑनलाइन वर्गासाठी वायर लावूनही वापरणार आहे.

सी-५०१: मग वायर जोडल्यावर माइक चालू राहतो का, हे आधी विचारून घ्यावे, काही मॉडेलांत तो बंद होतो.