अनुभव सांगा: पहिला लॅपटॉप, विंडोज, मॅक की लिनक्स? (दुकानदार ‘डॉसवाला घ्या’ म्हणतोय)

लातूर
पुतणी बीकॉमच्या पहिल्या वर्षाला आहे आणि टॅलीचा क्लासही लावलाय. घरातला हा पहिलाच लॅपटॉप. दुकानदार म्हणतो, “डॉसवाला घ्या, पाच हजार वाचतील, विंडोज आम्ही टाकून देऊ.” पुण्याचे मेहुणे मॅकवर अडून बसलेत. शेजारचा पोरगा लिनक्स, लिनक्स करायलाय. ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनीच सांगा.

नांदेड, जीएसटीची कामं करतो
मीपण तसाच डॉसवाला घेतला होता. डॉसवाला म्हणजे विंडोजचे पैसे न भरलेला लॅपटॉप, एवढंच. दुकानात दहा मिनिटांत विंडोज टाकून दिलं आणि सहा महिने काही तक्रार नव्हती. मग ऐन रिटर्नच्या गडबडीत कोपऱ्यात ‘Activate Windows’ उमटलं. मित्राने विंडोज आणि R एकत्र दाबून हे लिहायला लावलं:

```
slmgr /xpr
```

खिडकी उघडली, त्यात ‘Notification mode’ असं आलं, म्हणजे मुदत संपलेली. कंपन्यांसाठीचं लायसन खोटं लावलेलं होतं. ते १८० दिवसांचं असतं, आणि दुकानदाराचं टूल ते गुपचूप वाढवत राहतं. माझ्याकडे ते टूलच बंद पडलं होतं. खरी चीड पुढे आली. विंडोज सिक्युरिटीत Exclusions उघडलं तर एक अख्खं फोल्डर तपासणीतून वगळून ठेवलेलं. म्हणजे दार उघडं ठेवून गेले होते, आणि त्याच मशीनवर मी अशिलांचे पासवर्ड टाकत होतो.

परभणी, शिक्षक
लिनक्स मिंट घ्या आणि मोकळे व्हा! माझा डॉसवालाच आहे, तीन वर्षं झाली, एक रुपया लागला नाही. इनस्क्रिप्टने मराठी झकास टाइप होतं. व्हायरस येतच नाही. विंडोजची सॉफ्टवेअरं लिनक्सवर चालवायला वाइन नावाचं सॉफ्टवेअर आहे, टॅलीपण त्यावर चालते म्हणतात.

छत्रपती संभाजीनगर, लॅपटॉप दुरुस्ती
सर, ‘येतच नाही’ असं नका सांगू, कमी येतो. आणि ‘चालते म्हणतात’ याच्या भरवशावर लेकराचा क्लास कसा सोडायचा? टॅली विंडोजसाठीच बनते. वाइनवर एखादी आवृत्ती उघडेल, पण प्रिंट किंवा लायसन अडलं की क्लासचे सर मदत करणार नाहीत.

नांदेडच्या भाऊंनी सांगितलेली कमांड चांगली आहे, पण अर्धीच. हल्लीच्या काही चोरट्या पद्धतींत तिथे ‘permanently activated’ असंही दिसतं. म्हणून पॉवरशेल उघडून हे विचारा:

```
(Get-CimInstance SoftwareLicensingService).OA3xOriginalProductKey
```

विंडोज कंपनीतूनच आलेलं असेल तर २५ अक्षरांची की दिसते. ती मदरबोर्डच्या चिपमध्ये असते, त्यामुळे पुढे विंडोज पुसून परत टाकलं तरी आपोआप लागू होते. डॉसवाल्यात ओळ रिकामी येते. रिकामी आली म्हणजे चोरीचंच असं नाही, वेगळं विकत घेतलेलंही असू शकतं. पण मग बिलात तशी नोंद हवी. माझ्याकडे येणाऱ्या ‘दुकानाने टाकून दिलेल्या’ मशीनमध्ये अशी नोंद मला क्वचितच दिसली.

बीड
आमच्याकडे लाइट जायलीय दिवसातून चार वेळा. बॅटरी काढून थेट इन्व्हर्टरवर चालवला तर चालतो का?

जालना, व्हिडिओचं काम
बीडच्या दादांचा प्रश्न वेगळाच, पण त्यावरून आठवलं. माझ्या मॅकबुक एअरची बॅटरी लाइट नसताना अख्खी दुपार काढते. एडिटिंगला मला दुसरं काही नको. पण पुतणीसाठी मी मॅक सांगणार नाही. रॅम आणि स्टोरेज घेतानाच ठरतं, नंतर वाढत नाही.

लातूर
मेहुणे म्हणतात, मॅकवरच विंडोज टाकता येतं.

छत्रपती संभाजीनगर, लॅपटॉप दुरुस्ती
इंटेलच्या जुन्या मॅकवर बूट कॅम्पने यायचं. एम-वन चिपच्या आणि त्यापुढच्या मॅकमध्ये ती सोयच नाही. पॅरललसारखं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं, त्यात एआरएम जातीच्या चिपसाठीचं वेगळं विंडोज, आणि त्यात टॅली. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?

शिक्षक सरांची आवड मात्र वाया घालवू नका. विंडोजसकट घ्या आणि आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट टाकून, इन्स्टॉल न करता सुरू करून बघा. वाय-फाय दिसतं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडलं की जागा होतो का, एवढं बघायचं. नव्या मॉडेलात वाय-फायच सापडत नाही, असं पुष्कळदा होतं.

परभणी, शिक्षक
माझ्याही वाय-फायला पहिले दोन दिवस मोबाइलचं यूएसबी टेदरिंग लावावं लागलं होतं. ते सांगायचं राहिलं.

लातूर
आज दुकानात जाऊन आलो. डॉसवाल्यात तपासायला काहीच नव्हतं, म्हणून म्हणलं, तुम्ही विंडोज टाकलेलं एखादं मशीन दाखवा. त्यांनी बिलिंगच्या काउंटरवरचाच कॉम्प्युटर पुढे केला. `slmgr /xpr` मारलं. पुढच्या महिन्याची तारीख आली. मालक थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले, मग पोराला हाक मारून म्हणाले, “याचं कधी केलं होतं रे?”

विंडोजवाल्याचा भाव पाच हजारांवरून साडेतीन हजार जास्त, इथवर आलाय. पुतणी म्हणते, पेनड्राइव्ह मीच आणते.