मक्तेदार खर्चाखाली का विकतो
"स्पर्धकच नाही, तर मक्तेदार सीमांत खर्चाखाली, म्हणजे आणखी एक नग बनवायला लागतो त्याहून कमी किमतीला, विकेलच कशाला?"

कारण नग बनवता बनवता काम शिकलं जातं, त्यामुळे आजचा नग विकताना तो उद्याचा खर्चही उतरवत असतो. आकडे मांडून बघा. दोन टप्पे, दोन्हींत मागणी = १०० − किंमत. आज प्रतिनग खर्च ८०, आणि आज बनवलेला प्रत्येक नग उद्याचा प्रतिनग खर्च १.२ ने कमी करतो. फक्त आजचा विचार केला तर किंमत ९०, विक्री १०, नफा १००. उद्या खर्च ६८ वर येतो, नफा २५६. एकूण ३५६. आता आज ७५ ला विका. २५ नग जातात, प्रत्येकामागे ५ चा तोटा, म्हणजे उणे १२५. पण उद्याचा खर्च थेट ५०! पुन्हा ७५ ला २५ नग, नफा ६२५. एकूण ५००.

मला यातली खरी गंमत वाटते ती ही, की किंमत दोन्ही वेळा ७५ च राहते. आजच्या नगाचा खरा खर्च ८० वजा उद्याची बचत (१.२ × २५ = ३०), म्हणजे ५०, अगदी उद्याच्या खर्चाइतका. अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९८१ मध्ये हेच दाखवलं होतं: व्याजदर शून्य धरला तर शेवटच्या नगाचा खर्च पहिल्यापासूनच लागू होतो. व्याज धरलं की सुरुवातीची किंमत थोडी जास्त राहते, मग उतरत जाते. स्पर्धकाला संपवण्यासाठी पाडलेली किंमत मात्र काम झालं की वर जाते. फरक तिथे ओळखता येतो. अर्थात, शिकलेलं कारागिरांबरोबर बाहेर गेलं तर हे गणित कोसळतं.