बेडरूमला कुठला रंग? (सोसायटी ग्रुप, बी विंग, घोडबंदर रोड)

प्राची बी-७०४: नमस्कार सगळ्यांना, दिवाळीच्या आधी बेडरूम रंगवायचीये, फोटो टाकलाय बघा. मला लाइट ग्रे आवडलाय, थोडा निळसर, आमच्या ह्यांना पांढरा हवाय. खोलीत उजेड भरपूर आहे, फोटोत ऊन दिसतंयच. काय वाटतं?

संदेश बी-३०२: ग्रे मस्त दिसेल, आजकाल सगळे तोच मारतात

नीता बी-११०१: मी तर लेमन यलो सांगेन, खोली एकदम फ्रेश वाटते

शिरीष काका बी-२०१: प्राची, थांब जरा, रंग नंतर ठरव. फोटो कधीचा आहे हा?

प्राची बी-७०४: काका मेच्या शेवटी काढलेला, पझेशन घेतलं तेव्हा. संध्याकाळी सहाच्या आसपास असेल. का हो?

शिरीष काका बी-२०१: कारण तुमच्या लाइनीतल्या सगळ्या बेडरूमच्या खिडक्या उत्तरेला आहेत आणि उत्तरेच्या खिडकीतून आत्ता सप्टेंबरअखेर ऊन येणारच नाही. फोटोत उजव्या भिंतीवर खिडकीला लागून दीड-दोन फुटांची जी उन्हाची तिरपी पट्टी आहे ना, ती मे ते जुलैची पाहुणी. आपल्या ठाण्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी शून्य सावलीचा दिवस येतो, त्याच्या मधल्या काळात सूर्य दुपारी सुद्धा डोक्याच्या उत्तरेकडे असतो आणि उगवतो-मावळतो तो पण उत्तरेला सरकून, म्हणून संध्याकाळचं ऊन तिरकं होऊन तुझ्या पूर्वेच्या भिंतीवर पडलं. जुलै तर पावसातच जातो. बाकी वर्षभर त्या खोलीत नुसता आकाशाचा उजेड, थेट ऊन नाही, आणि तो उजेड निळसर असतो. नौपाड्यात रंगाचं दुकान होतं माझं, मेमधे घर बघून रंग निवडलेले आणि डिसेंबरात तोंड पाडून परत आलेले लोक खूप बघितलेत.

प्राची बी-७०४: अय्या! पण फोटोत तर भिंत छान पिवळसर दिसतेय

शिरीष काका बी-२०१: एक तर ते संध्याकाळचं ऊन, त्यात वरती ट्यूबलाइट पण चालू दिसतेय, आणि फोनचा कॅमेरा आपल्या मनाने रंग सावरून घेतो. त्यामुळे फोटोतल्या भिंतीचा रंग खरा मानू नको. एक कर, उद्या दिवे बंद ठेवून एक कोरा ए-फोर कागद भिंतीला चिकटव आणि त्याच्यासकट फोटो काढ, सकाळी नऊला, दुपारी एकला आणि पाचला. कागद आपल्याला माहितीये पांढरा आहे म्हणून, आता भिंत कागदाच्या मानाने कशी दिसते ते बघायचं.

संदेश बी-३०२: काका ग्रे मधे प्रॉब्लेम काय पण?

शिरीष काका बी-२०१: निळसर ग्रेवर निळसर उजेड पडला की निळा दुप्पट वाटतो. पावसाळ्यात चार महिने ती खोली ओल्या सिमेंटसारखी दिसेल. दुसरं म्हणजे शेड कार्डच्या मागे काही कंपन्या एक आकडा देतात, एलआरव्ही म्हणतात त्याला, रंग किती उजेड परत फेकतो त्याचा. शून्य म्हणजे काळा, शंभर म्हणजे सगळा उजेड परत. प्राचीने जो ग्रे पाठवलाय तसले शेड साधारण पन्नास-पंचावन्नला असतात. एका खिडकीच्या खोलीत उजेड भिंतीभिंतीवर आपटत आतपर्यंत जातो आणि प्रत्येक आपटीला अर्धा गेला तर कपाटाच्या कोपऱ्यात दिवसा पण दिवा लागणार. मुख्य रंग सत्तरच्या वरचाच घ्या.

नीता बी-११०१: मग माझा लेमन बरोबर ना काका 😄

शिरीष काका बी-२०१: नीता, लेमनला आधीच हिरवट झाक असते, उत्तरेच्या उजेडात तो अजून हिरवा होतो, आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा. पिवळा नको, बिस्किटाकडे झुकणारा ऑफ-व्हाइट, ज्याच्यात किंचित लाल-तपकिरी आहे. प्राची, ग्रे हवाच असेल तर तपकिरी झाकेचा घे. आणि ह्यांचा पांढरा पण जपून, काही तयार पांढऱ्यांमधे निळसर झाक असते, ते छताला ठीक.

प्राची बी-७०४: आणि एक भिंत डार्क करायची होती, बेडच्या मागची

शिरीष काका बी-२०१: बेड पूर्वेच्या भिंतीला ना? त्या भिंतीवर खिडकीचा उजेड बाजूने घासत जातो. पुट्टीतली प्रत्येक लाट, प्रत्येक पट्टा दिसतो आणि गडद रंग त्यात चमकदार फिनिश असेल तर बघायलाच नको. पेंटरला संध्याकाळी भिंतीलगत दिवा धरून बघायला सांग, लाटा दिसल्या तर परत घासायला लाव, प्रायमर मारायच्या आधी. त्यापेक्षा खिडकीच्या समोरची, दाराची भिंत घे, तिच्यावर उजेड सरळ पडतो, रंग खुलतो. विटकरीत भरपूर पांढरा मिसळल्यावर येतो तसा मवाळ रंग चांगला दिसेल. खिडकीची स्वतःची भिंत मात्र सगळ्यात फिकी ठेव, बाहेरच्या उजेडापुढे ती नेहमी काळपट वाटते.

(दोन दिवसांनी)

प्राची बी-७०४: काका, कागदाचे फोटो टाकलेत. आणि दुकानातून ग्रे, बिस्किट आणि विटकरीची छोटी सॅम्पल आणली, दोन-दोन हात मारून मोठ्या कार्डबोर्डवर लावलीयेत, भिंतीवर नाही लावली जुन्या रंगाची झाक नको म्हणून. तुमचं खरं निघालं, पाच वाजता ग्रे चक्क निळा दिसत होता. बिस्किट सकाळी मस्त पण रात्री एकदम फिक्कट वाटला, का बरं?

शिरीष काका बी-२०१: बल्ब कुठला आहे?

प्राची बी-७०४: डब्यावर ६५०० के लिहिलंय, कूल डेलाइट

शिरीष काका बी-२०१: मग बिचाऱ्या बिस्किटाचा दोष नाही. तो दिवा निळसर पांढरा, रात्री पण आकाशाचाच उजेड. ३००० के वॉर्म व्हाइट लावून कार्ड परत बघ, कपाटाजवळ पण आणि खिडकीजवळ पण, एकाच जागी नको. दोन्ही ठिकाणी आवडला तरच ऑर्डर दे.

प्राची बी-७०४: ह्यांनी आजच बदलला बल्ब, बिस्किट फायनल!! विटकरी पण. किती लिटर लागेल? खोली १० बाय १२, उंची साडेनऊ

शिरीष काका बी-२०१: दाराची भिंत दार सोडून साधारण ७५ चौरस फूट. बाकीच्या तीन भिंती खिडकी आणि कपाट वजा जाता २५० च्या आसपास. चांगल्या इमल्शनचे दोन हात म्हणजे लिटरला शंभर-सव्वाशे फूट धर, म्हणजे बिस्किट तीन लिटर, विटकरी एक लिटर. मॅट फिनिश सांग. आणि बिस्किट तिन्ही लिटर एकदमच मशीनवर बनवून घे, आज दोन आणि परवा एक असं केलंस तर मधे कुठेतरी जोड दिसू शकतो, ह्या उजेडात तर हमखास.

अमोल बी-५०५ (सेक्रेटरी): काम १० ते ६ च करा आणि डबे पॅसेंजर लिफ्टमधून नको प्लीज 🙏

प्राची बी-७०४: हो हो, सर्व्हिस लिफ्टच. काका सोमवारी पेंटर येतोय, दिवा धरून बघायचं सांगते

शिरीष काका बी-२०१: आणि डब्याच्या झाकणावरची शेडची चिठ्ठी फाडून फेकू नको, फोटो काढून ठेव, पुढे टचअपला कोड लागतो.