रविवारचं सीएमई: मीनलच्या डिग्र्या कशा लिहायच्या?

विद्या (नौपाडा, ठाणे)

मंडळी, डॉक्टरांसाठीच्या रविवारच्या व्याख्यानाची पत्रिका उद्या दुपारी छापखान्यात जायची आहे. आपली वक्ती मीनल, तिने डिग्र्या पाठवल्या त्या अशा: एमबीबीएस, एमआरसीपी (यूके), सीसीटी (रीनल मेडिसिन), एफआरसीपी (लंडन). समितीतल्या एकांनी त्याचं परस्पर "एमडी नेफ्रॉलॉजी, लंडन" करून टाकलं. म्हणे, सीसीटी इथे कुणाला कळत नाही. तिच्याकडे नसलेली पदवी मी माईकवरून वाचणार नाही. पण मग काय वाचू? समोर सकाळची ओपीडी उरकून आलेले जनरल प्रॅक्टिशनर असतील आणि परिचयाला मला दीड मिनिट आहे.

श्रीकांत

विद्या, सोपं आहे. एमआरसीपी म्हणजे आपलं एमडी आणि एफआरसीपी ही त्याच्या वरची परीक्षा. फक्त एफआरसीपी ठेव. मजकूर माझ्याकडे पाठव, मी बसवून देतो. मंडळाच्या पाहुण्यांचे परिचय इतकी वर्षं मीच लिहीत आलोय.

अनघा

श्रीकांत, लंडनच्या एफआरसीपीला परीक्षा नसते. कामाची दखल घेऊन कॉलेज तो मान देतं. परीक्षा असते ती एमआरसीपीची, आणि ती पास झाल्यावर किडनीचं खास प्रशिक्षण सुरू होतं. ते पुरं झाल्याचा दाखला म्हणजे सीसीटी, त्याच्या आधारावर ब्रिटनच्या मेडिकल कौन्सिलच्या, म्हणजे जीएमसीच्या, स्पेशालिस्ट रजिस्टरवर नाव चढतं. मीनल किडनीची डॉक्टर आहे हे सांगणारी ओळ नेमकी तीच. ती गाळलीस तर उरतं ते चांगल्या फिजिशियनचं वर्णन.

विद्या, छापताना तिने दिलंय तसंच छाप. बोलताना म्हण, "ब्रिटनमध्ये किडनीविकारांचं विशेष प्रशिक्षण पूर्ण करून तिथल्या स्पेशालिस्ट रजिस्टरवर नोंद असलेल्या". "म्हणजे आपलं डीएमच" असं मात्र जोडू नकोस. एका सभेत मी ते ऐकलंय. भाषण संपल्यावर पहिलाच प्रश्न आला, "डीएम कुठल्या कॉलेजातून?" बिचाऱ्या वक्त्याने स्वतः तसा दावा कधी केलाच नव्हता. प्रश्नोत्तरांचा निम्मा वेळ त्याच्या खुलाशात गेला आणि विषय बाजूलाच राहिला.

मोहनकाका (वाशी)

मीनल येतेय हे फार बरं झालं. हिचं क्रिएटिनिन १.२ आलंय, वय ७२. लॅबने खूण केलेली नाही, म्हणजे नॉर्मलच ना? गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक जवळजवळ रोज चालू आहे, शिवाय बीपीची गोळी. रविवारी रिपोर्ट घेऊन आलो तर मीनल पाच मिनिटं देईल का?

अनघा

काका, रविवारपर्यंत थांबू नका, काकूंच्या डॉक्टरांना उद्याच फोन करा. किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज म्हणजे ईजीएफआर. ७२ वर्षांच्या बाईचं १.२ त्याच्या सूत्रात घातलं तर सुमारे ४८ येतं. तेच १.२ तिशीतल्या पुरुषाचं असेल तर सुमारे ८३. लॅबच्या कागदावर दोघेही नॉर्मल दिसू शकतात. साठाच्या खाली तीन महिने राहिलं तर तो जुनाट किडनीविकार धरतात, म्हणून तपासणी पुन्हा करावी लागेल, सोबत लघवीतल्या अल्ब्युमिनचीही. डायक्लोफेनॅकबद्दल आधी विचारा. बीपीची गोळी कुठली तेही सांगा. बीपीच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारं औषध आणि वेदनाशामक असं त्रिकूट जमलं की किडनी एकदम बसू शकते. बीपीची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

विद्या

अनघा, मला परिचयाचं दुसरं वाक्य मिळालं. "ही महत्त्वाची समस्या आहे" असं म्हणण्यापेक्षा सांगते, "आज सकाळी तुमच्या ओपीडीत क्रिएटिनिन १.२ चे दोन रिपोर्ट आले असतील. एकाची किडनी ८३ वर आहे, दुसरीची ४८ वर, आणि गुडघा दुखतोय म्हणून वेदनाशामक मागतेय ती दुसरी." काका, नाव न घेता वापरू ना?

मोहनकाका

वापर गं. डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक थांबवलंय, पुढच्या आठवड्यात तपासण्या आहेत. ही मात्र चिडलीय, गुडघ्याचं काय म्हणते.

श्रीकांत

एफआरसीपीचं माझं चुकलं. पण आकडे परिचयातच सांगितलेस तर मीनलने काय सांगायचं? परिचय देणाऱ्याने वक्त्याचा पहिला घास घेऊ नये. इथे मी ठाम आहे.

अनघा

थकून आलेला डॉक्टर पहिल्या मिनिटातच ठरवतो, ऐकायचं की फोन बघायचा. मला ती ओळ हवी वाटते.

मीनल

आत्ता सगळं वाचलं. विद्याताई, ते वाक्य घ्या, माझी पहिली स्लाइड मी बदलते. फक्त ४८ च्या आधी "सुमारे" म्हणाच. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. म्हातारी बाई हडकुळी असली की सूत्र तिची किडनी आहे त्यापेक्षा बरी दाखवतं, आणि नेमक्या त्याच माझ्याकडे उशिरा येतात. आणखी एक, पत्रिकेत "कन्सल्टंट नेफ्रॉलॉजिस्ट" छापलंत तर रुग्णालयाचं नाव काढा. ती नोकरी मी मार्चमध्ये सोडली.