पाकिटावर ‘आहेर’ लिहावं का?

सुजाता (पार्ले): मावसभाऊ भांडुपला असतो. आठव्या सेमिस्टरचा निकाल लागला, मेकॅनिकल पूर्ण झालं. कॉलेजात आलेल्या कंपन्यांत जमलं नाही, म्हणून आता नोकरी शोधतोय. त्याला शर्टपीस आणि पाकिटात १,००१ रुपये द्यायचेत. आई म्हणते, वर ‘आहेर’ लिही. मला खटकतंय.

नितीन: शर्टपीस कशाला, लोकलचा पास काढून दे! कॉलेज संपलं की विद्यार्थी सवलत गेली. माझ्या मुलीला हे पहिल्याच महिन्यात जाणवलं.

सुजाता: काका, काय द्यायचं ते ठरलंय, शब्द हवाय. आणि पास ठरावीक दोन स्टेशनांमधलाच निघतो. आज इंटरव्ह्यू ऐरोलीला, उद्या अंधेरीला, तर कुठला काढू?

प्रसाद: आहेर म्हणजे भेटच की. बिनधास्त लिही. ‘बक्षीस’ मात्र नको, ते स्पर्धा जिंकल्यावर.

देशपांडेकाकू: प्रसाद, आहेर ही भेट असते, पण प्रत्येक भेट आहेर नसते. लग्न, मुंज, डोहाळजेवण, म्हणजे कार्य असावं लागतं, आणि त्यात देण्याघेण्याचा हिशेब असतो. आमच्याकडे आहेराची वही होती: कोणी काय दिलं ते उतरवायचं आणि त्यांच्या घरच्या कार्यात तेवढं तरी परत करायचं. नोकरी शोधणाऱ्या पोराच्या माथी ही परतफेड कशाला? शिवाय ‘घरचा आहेर’ म्हटलं की आपल्याच माणसाने सुनावलेले बोल आठवतात.

बक्षिसाचं म्हणशील तर शब्द फारसीतला, मुळात अर्थ देणगीचाच. वडील मुलाच्या नावे घर करून देतात त्या दस्ताला आजही बक्षीसपत्रच म्हणतात. तिथे कुठली स्पर्धा? देणारा मोठा असला की झालं.

प्रसाद: दस्तात ठीक आहे हो, पण बोलण्यात? पाकीट बघून तो विचारेल, कितवा नंबर आला? आणि ‘बक्षिसी’ म्हटलं तर वेटरची टीप.

देशपांडेकाकू: हे मान्य. बोलण्यात शब्द आक्रसलाय खरा. सुजाता, तू वयाने मोठी ना? मग ‘कौतुकाची भेट’ लिही. मोठ्यांनी धाकट्यांचं करायचं ते कौतुक, आणि त्याला परतफेड नसते.

सुजाता: सात वर्षांनी मोठी आहे, चालेल. खाली ‘पदवीधर झाल्याबद्दल’ लिहू?

नितीन: पदवीदान समारंभ व्हायचाय ना अजून?

देशपांडेकाकू: निकाल लागला, पास झाला, की घरात पदवीधरच म्हणतात. फारच काटेकोर व्हायचं तर ‘इंजिनिअरिंग पूर्ण केल्याबद्दल’. ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ तेवढं टाळ, कोणी रिटायर होत असल्यासारखं वाटतं.

प्रसाद: मग नोकरीबद्दल काय लिहायचं? ‘नोकरीच्या शोधास शुभेच्छा’ म्हणजे शोध चालूच राहो असं नाही का होत?

सुजाता: ‘मनासारखी नोकरी लवकर मिळो’ लिहिते. आई अजून आहेरावरच अडून आहे.