दुरुस्तीचा आठवडाही धरा

"प्रबंधाचं प्रकरण तपासायला गाइडकडे दोन-दोन आठवडे असतं. मग वेळापत्रक पाळायचं कसं?"

त्या दोन आठवड्यांत पुढचं प्रकरण लिहायचं, पण दुरुस्तीचा वेळही आधीच धरायचा. समजा, एका मसुद्याला तीन आठवडे लागतात. संशोधनपद्धतीचं प्रकरण तिसऱ्या आठवड्याअखेर दिलंत, चौथ्या-पाचव्यात विश्लेषण लिहिलंत. सहावा आठवडा आलेल्या शेऱ्यांवर जाईल, म्हणून विश्लेषणाचा मसुदा सहाव्याऐवजी सातव्याअखेर पूर्ण होईल. बहुतेक वेळापत्रकं इथेच कोलमडतात.

पहिल्या फेरीत फक्त मांडणी आणि युक्तिवादावर मत मागा. भाषा, संदर्भसूची दुसऱ्या फेरीत. नाहीतर पुढे वगळायच्या परिच्छेदांचं शुद्धलेखन तपासलं जातं. तोच शेरा दुसऱ्यांदा आला, तर पुन्हा लिहिण्याआधी गाइडना प्रत्यक्ष भेटा.